रोईज नावाचा माणूस

८ जानेवारी

धाकट्या,

तुझं लग्न झाल्याचं मला टपालातून कळलं, पण ते टपाल तुझं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी चर्चच्या कार्यालयात कामाला लागले. जुने कारकून गेले, फादरना कुणीतरी सुवाच्य अक्षराचं हवं होतं. सकाळी नऊ ते एक, दाखले लिहायचे, टपाल फोडायचं, वह्यांवरची धूळ झटकायची. मागच्या मंगळवारी एक लांबट पाकीट आलं, परदेशी तिकिटांचं. आत छापील कागद. अमुक तारखेला आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या अमुक इसमाचा विवाह आमच्या चर्चमध्ये लागला आहे, तरी आपल्या नोंदवहीत त्याप्रमाणे लिहून घ्यावं. असे कागद नेहमी येतात. माणूस जगाच्या पाठीवर कुठेही लग्न करो, त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या पानावर परत येते आणि समासात दोन ओळींत बसते.

नाव वाचलं. पहिलं नाव तुझं होतं, पण ते आपल्याकडे निम्म्या पोरांचं असतं. आडनाव होतं रोईज. मी फादरना म्हटलं, "आपल्याकडे रोईज कुणी नाही." ते म्हणाले, "तारखेवरून बघा." तारीख तुझी होती.

बराच वेळ मी खिडकीशी उभी राहिले. बाहेर धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. अकरा वर्षं तू कुठे आहेस हे आम्हाला माहीत नव्हतं आणि तू एका छापील कागदावर, चुकीच्या आडनावाने, सहज घरी येऊन उभा राहिलास.

मी समासात तुझं लग्न लिहिलं. अक्षर बरं आलं आहे.

पत्र त्या कागदावरच्या फादरच्या नावाने टाकते आहे. ते तुला देतील अशी आशा आहे. मला एवढंच सांगायचं आहे की रोईज ही एक चूक होती. तुझी नाही. सगळं सविस्तर लिहीन, पण तुला ऐकायचं असेल तर. बाबा बरे आहेत. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी मोठी बहीण

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. अकरा वर्षांनी चार ओळी. त्यात एकच प्रश्न, "रोईज कोण होता?"

कोणीच नव्हता. सांगते.

तू जहाजावर जाणार होतास तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला काढला होता. तेव्हाचे कारकून पोर्तुगीज शिकलेले नव्हते. वहीत दिसलं तसं अक्षराला अक्षर उतरवलं. वडील फ्रको रोईज, आई मारीया दा पियेदादे. आणि आपण वाचलं ते तसंच. आपले बाबा फ्रान्सिस रॉड्रिग्ज, आपली आई मारू, माहेरची परेरा. मग हे दोघं कोण, असं आपल्याला वाटलं.

मलाही कळलं नसतं. मला मास्तर भेटले. जुन्या शाळेत पोर्तुगीज शिकवायचे ते, एका डोळ्याने अधू. दुपारी कार्यालयात येऊन बसतात, कारण घरी सून पंखा लावू देत नाही म्हणे. वह्या वाचायला मी हल्लीच त्यांच्याकडे शिकले. तुझा कागद आला त्या दिवशी मी त्यांच्यासमोर तुझं पान उघडलं आणि विचारलं, "हे रोईज आडनाव कुठलं?"

त्यांनी भिंग लावलं आणि हसले. "हे आडनाव नाही, आळस आहे."

मग समजावलं. जुने पाद्री दिवसाला दहा-दहा पोरांना बाप्तिस्मा द्यायचे आणि रात्री वही भरायचे. शाई महाग, कागद महाग, हात दुखतोय. सगळ्यांना माहीत असलेलं नाव पूर्ण कोण लिहिणार? पुढची दोन अक्षरं, मागची दोन, मधली गाळायची. रॉड्रिग्जचं झालं 'रोईज'. फर्नांडिसचं नुसतं 'फ्झ'. गोन्साल्विसचं 'ग्ल्झ'. परेराचं 'प्रा'. फ्रान्सिस्कु, म्हणजे फ्रान्सिस, त्याचं 'फ्र' आणि डोक्यावर बारीकसा 'को', पाखरू बसल्यासारखा. मारीयाचं 'म' आणि वर 'आ'. वरती बसलेलं अक्षर दिसलं की समजायचं, मधलं काहीतरी पोटात गेलंय.

मी त्या वहीत सगळीकडे बघितलं, धाकट्या. तुझं पान लिहिणाऱ्या पाद्र्याच्या वीस वर्षांत 'रोईज' दोनशेच्या वर आहेत आणि 'रॉड्रिग्ज' पुरतं लिहिलेलं फक्त जिथे कुणी बडा माणूस धर्मपिता म्हणून, मूल पाण्यावर धरायला, उभा होता तिथे. बड्यांसाठी शाई होती.

आता आई. 'दा पियेदादे' हे आडनाव नव्हे. ते तिच्या पहिल्याच नावाचं शेपूट आहे. पियेदादे म्हणजे करुणा, करुणेची माता. आपल्या बायकांना असंच ठेवायचे, मारीया दा कोन्सेसांव, मारीया दु रोझारियु, मारीया दा पियेदादे. त्या मारीयांच्या गर्दीत ही कुठली मारीया हे कळावं म्हणून. बापाचं आडनाव बायकांच्या नावापुढे लिहायची त्या पाद्र्याला गरजच वाटायची नाही. आईला मारू म्हणायचे, कागदांवर मेरी, आणि देवळातल्या वहीत मारीया दा पियेदादे. मास्तर म्हणतात आपल्या प्रत्येकाला तीन नावं असतात, एक देवाला सांगायचं, एक सरकारला आणि एक शेजारणीला. जो एकच ओळखतो तो फसतो.

मी वह्यांत इतकी बुडाले आहे की हल्ली स्वप्नं पण तिरप्या अक्षरांत पडतात. परवा स्वप्नात आपल्या चर्चच्या बाकावर लोबो, कुएल्यो आणि कोर्देरो शेजारी शेजारी बसले होते. लोबो म्हणजे लांडगा, कुएल्यो म्हणजे ससा, कोर्देरो म्हणजे कोकरू. तिघं एकाच पुस्तकातून गात होते आणि ससा फार बेसूर होता. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "खरंच बेसूर आहे तो, मी वर्गात शिकवलंय त्याला."

उत्तर लिही. चार ओळी चालतील.

तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं म्हणणं बरोबर आहे. कुणी म्हणालं म्हणून विश्वास कशाला ठेवायचा, एकदा ठेवून काय झालं ते तू बघितलंस. तू लिहितोस, "दोनशे रोईजांपैकी माझा बाप तोच कशावरून?" मलाही हाच प्रश्न पडला होता, कारण त्या वहीत फ्रान्सिस्कु रॉड्रिग्ज नावाचे एकाच वेळी सात बाप आहेत.

हे कसं ओळखायचं ते मास्तरांनी शिकवलं. आडनावावर कधीही जायचं नाही. आडनाव रक्त सांगत नाही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांना बाप्तिस्मा दिला तेव्हा जो धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचं आडनाव त्यांना मिळालं. कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं, कधी कुठल्या कप्तानाचं. एका दिवशी एका आळीला एकच धर्मपिता, की अख्खी आळी रॉड्रिग्ज. ओढ्यापलीकडच्या आळीला दुसरा, ते सगळे डिसोझा. म्हणून शेजारी शेजारी दहा घरं एका आडनावाची असतात आणि एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आणि सख्खे चुलत भाऊ वेगळ्या दिवशी बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली गेले तर एक मेंडोन्सा, एक पिंटो.

मी विचारलं, "मग रॉड्रिग्ज म्हणजे काय?"

"रॉड्रिगोचा मुलगा. शेवटचं 'इस' म्हणजे आपला 'चा'. फर्नांदोचा फर्नांडिस, नुनोचा नुनिस, लोपोचा लोपिस."

"आणि हा रॉड्रिगो आमचा कोण?"

"कुणी नाही. कुठल्यातरी शिपायाचा खापरपणजोबा. बिचाऱ्याला माहीतसुद्धा नसेल की त्याचे एवढे मुलगे आहेत." मग म्हणाले, "परेरा म्हणजे नासपतीचं झाड. तुझ्या आजोळच्या परसात कधी नासपती बघितलीस?"

तर ओळखायचं असं. आधी आळी. मग धर्मपिता आणि धर्ममाता, कारण ते नात्यातलेच असतात. मग पहिल्या मुलाचं नाव, ते बापाच्या बापाचं. दुसऱ्याचं आईच्या बापाचं. आणि मग आईबापाच्या लग्नाची नोंद, कारण तिथे दोघांचेही बाप लिहिलेले असतात.

सोबत मी माझ्या हाताने उतरवलेल्या नकला आहेत. पहिली तुझ्या बाप्तिस्म्याची, फ्रान्सिस्कु रॉड्रिग्ज, धंदा सुतारकाम, विहिरीची आळी. सातांपैकी सुतार एकच, आळीही तीच. दुसरी आईबाबांच्या लग्नाची. फ्रान्सिस्कु रॉड्रिग्ज, लग्न झालं मारीया दा पियेदादेशी, जी कै. जुझे परेराची मुलगी. जुझे म्हणजे आपले आजोबा, ज्यांचं नाव तुला मिळालं नाही म्हणून आजी एक वर्ष रुसली होती. तिसरी आईच्या बाप्तिस्म्याची. तुझा धर्मपिता कोण ते बघ, आईचा थोरला भाऊ, तोच ज्याने तुला पोहायला शिकवायला म्हणून होडीतून ढकललं.

हे चार धागे एकत्र ओढले की त्या गाठीतून दुसरं कुणी निघत नाही. तू बाबांचा आणि आईचा मुलगा आहेस, जितका कुणी कुणाचा असू शकतो तितका.

तू माझीही नोंद मागितलीस, दोघांचे आईबाप एकच असल्याचं दिसावं म्हणून. ती मिळाली नाही. त्या वर्षाची पानं ओलाव्याने चिकटली आहेत. सोडवायला गेलं तर फाटतील.

तुझी बहीण

२० मार्च

धाकट्या,

तू बाप होणार आहेस हे वाचलं. मी पत्र घेऊन थेट किनाऱ्यावर गेले आणि पाण्यात पाय सोडून बसले. भरती येत होती. चपला वाहून गेल्या, एक परत मिळाली.

तू लिहितोस की मुलाला कुठलं आडनाव लावायचं ते तुला कळत नाही. रोईज म्हणून नोकरी, रोईज म्हणून लग्न, दाराच्या पाटीवर रोईज. एवढं खोटं नाव असून इतकी वर्षं ते इमानाने तुझ्याबरोबर राहिलं, आता टाकवत नाही. धाकट्या, ठेवायचं तर ठेव. मास्तर म्हणतात, असंच पाद्र्यांच्या आळसातून काही घराण्यांचं खरंच रोईज आडनाव झालं, आणि ते लोक छान जेवतात-खातात. फक्त ते अनोळखी माणसाचं आहे असं समजून लावू नकोस. ते बाबांचंच आहे, घाईत लिहिलेलं.

पण तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न टाळता येणार नाही. तू विचारतोस, "बाबांनी मला एकदाही का शोधलं नाही?"

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की बाबांना राग नाही. ते खरं होतं. राग नाही कारण त्यांना काही माहीतच नव्हतं.

तू निघालास त्या संध्याकाळी बाबा अजून कामावरून यायचे होते. तू बॅग भरत होतास आणि शीळ घालत होतास. आईला जाऊन सहा महिने झाले होते, बाबा करवतीने कापलेल्या हाताने कामाला जात होते, आणि तू शीळ घालत होतास. मी दाखला उघडून मोठ्याने वाचला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण तू गप्प झालास हे दिसलं, आणि मग मी म्हणाले, "बघ, तुझा बाप कुणी रोईज आहे. तू आमचा नाहीसच. म्हणून तुला जाताना काही वाटत नाही." मला ते खरं वाटत होतं का, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारते आहे. एवढं नक्की की ते खोटं आहे का हे मी कुणाला विचारलं नाही. फादरना विचारता आलं असतं. बाबांना विचारता आलं असतं, ते अर्ध्या तासात येणारच होते.

तू गेलास. मी त्यांना सांगितलं की जहाज लवकर निघालं.

पुढे पत्र आलं नाही तेव्हा ते म्हणायचे, "तरुण आहे. जग बघतोय." मग काही वर्षांनी ते म्हणणंही बंद झालं.

परवा मी त्यांना सगळं सांगितलं. ते अंगणात एका खुर्चीचा पाय बसवत होते. काम थांबवलं नाही. माझं बोलून झालं तेव्हा पाय बसला होता. त्यांनी खुर्ची जमिनीवर ठेवून हलवून बघितली, मग तिच्यावरच बसले.

"म्हणजे तो विसरला नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"मला वाटलं विसरला." मांडीवरचा भुसा त्यांनी झटकला. मग म्हणाले, "तू अकरा वर्षं हे घेऊन फिरत होतीस?"

मी मान हलवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, मी त्याची तयारी केली होती. ते म्हणाले, "मूर्ख मुली. जेवलीस का?"

तुला तार करायला सांगितलंय त्यांनी. शब्द मोजून सांगितले, तीनच. 'घर आहे. ये.' पोस्टातला माणूस म्हणाला त्याच पैशांत अजून शब्द बसतात. बाबांनी नको म्हणून सांगितलं.

माझ्या नोंदीबद्दल तू पुन्हा विचारलंस. पानं अजून चिकटलेलीच आहेत.

तुझी बहीण

९ मे, दुपार

धाकट्या,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस. काल आलास, आज जेवून आडवा झालास तो अजून उठला नाहीस. दार उघडं आहे. तुझे केस पातळ झालेत, आणि झोपेत तोंड उघडं टाकायची सवय तीच. मी तुझ्यापासून आठ पावलांवर बसून तुला पत्र लिहिते आहे, हे वेडेपणाचं आहे, पण समोरासमोर मी हे सांगू शकणार नाही. दोनदा सुरुवात केली. एकदा तू मीठ मागितलंस आणि एकदा बाबा खोकले.

काल धक्क्यावर तू बाबांना आधी ओळखलं नाहीस. त्यांनी तुला ओळखलं, लांबून, चालीवरून. जवळ आल्यावर त्यांनी तुझा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला, लाकूड घेताना बघतात तसा. म्हणाले, "हात मऊ झालेत." तू म्हणालास, "हिशेबनीस आहे ना आता, बाबा." बस एवढंच. मला वाटत होतं आभाळ फाटेल. तुम्ही दोघं पुढे चालायला लागलात आणि बॅग मी उचलली.

तर माझी नोंद.

पानं चिकटलेली नव्हती. तुझ्या मागणीवरून मी फेब्रुवारीत ते पान उघडलं आणि स्वच्छ, पुरत्या शाईत, एक अक्षर न गाळता लिहिलेलं वाचलं. तुझ्याच पाद्र्याचं अक्षर. या एका नोंदीसाठी मात्र त्याने सवड काढली होती. तोपर्यंत मला वाचायला येत होतं, हेच वाईट झालं.

त्यात असं आहे. नाव, मारीया दा क्रुज. म्हणजे क्रुसाची मारीया. आईवडील, अज्ञात. आणि एक शब्द, एश्पोश्ता. मला तो आधी भेटला नव्हता. मास्तरांना पान न दाखवता नुसता शब्द विचारला. ते भिंग पुसत म्हणाले, "उघड्यावर ठेवलेली. सोडून दिलेलं मूल सापडलं की असं लिहायचे. अशांना मग देवाघरची नावं द्यायचे. दा क्रुज, दुस सांतुस, दि जेझुस. म्हणजे प्रत्येक दा क्रुज सापडलेलाच असतो असं नव्हे, चांगली जुनी घराणी आहेत. पण सापडलेल्याला द्यायला दुसरं असतं काय?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे?" मी म्हटलं, "कुणाचं नाही."

पुढची ओळ मी त्या दिवशी वाचलीच नाही. वही मिटून घरी आले. बहुतेक मी ओढ्यातूनच चालत आले, कारण मला वाट आठवत नाही, फक्त घोट्यांना गार लागत होतं. ज्या तोंडाने मी तुला 'तू आमचा नाहीस' म्हणाले त्या तोंडाने मी आठवडाभर जेवू शकले नाही. तुला नकला उतरवून पाठवल्या त्या त्याच आठवड्यात. 'तू त्यांचा मुलगा आहेस' हे वाक्य मी किती हळू लिहिलं ते तुला अक्षरावरून कळलं नसेल.

पुढची ओळ मी एप्रिलमध्ये वाचली. धर्मपिता, फ्रान्सिस्कु रॉड्रिग्ज, सुतार, विहिरीची आळी. धर्ममाता, त्याची पत्नी, मारीया दा पियेदादे.

वहीनुसार बाबा माझे वडील नाहीत. मला पाण्यावर धरणारे आहेत.

मग मी त्यांना विचारलं. तू यायच्या आदल्या रविवारी. ते रंध्याचं पातं घासत होते.

"बाबा, मी कुठे सापडले?"

ते घासायचे थांबले नाहीत, पण हात हळू झाला. "मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी," म्हणाले. "चर्चचं दार दुरुस्त करायला गेलो होतो. पहाटेची वेळ. एका टोपलीत होतीस. रडत नव्हतीस, नुसती बघत होतीस, जसं काही मलाच यायला उशीर झाला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी आई म्हणाली, सांगू, मोठी झाली की सांगू. मग तू मोठी झालीस आणि ती म्हणाली, आता काय सांगायचं." पात्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "पाद्री म्हणाला, आडनाव काय लावू? मी म्हटलं, वहीत काय हवं ते लिहा, शाळेत माझं लावीन. तो म्हणाला, तसं बघायला गेलं तर तुम्हा सगळ्यांनाच ते असंच मिळालंय, कुणीतरी उभं राहिलं म्हणून."

घासायच्या दगडावर मी पाणी ओतलं.

"तो जन्मला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस," ते म्हणाले. "आठ दिवस त्याला कुणाला हात लावू दिला नाहीस. म्हणायचीस, हा माझा आहे, मी आधी बघितला."

हे मला आठवत नाही, धाकट्या. मी खूप प्रयत्न केला. डोळे मिटले की पाळण्यासारखं काहीतरी हलतं, पण ते बाबांनी सांगितल्यामुळे असेल.

माझ्या पानाची नक्कल या पत्रात घडी करून ठेवली आहे. तू मागितली होतीस, म्हणून देते आहे. ती वाचून तुला वाटेल ते तू मला म्हणू शकतोस, मी म्हणाले होते तेच शब्द सुद्धा. तुझा हक्क आहे. मी उत्तर देणार नाही.

मला या तीन महिन्यांत एकच भीती वाटली, आणि ती विचित्र होती. मी कुणाची, ही नाही. त्या टोपलीत मला ठेवणारी कुणी बाई कधीतरी माझ्या मागून चालते असं स्वप्न पडतं, पण त्याचं भय वाटत नाही, ती कधी हाक मारत नाही. भीती ही वाटली की तू आल्यावर मी तुझी ताई राहीन की नाही. काल धक्क्यावर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "ताई, तू किती बारीक झालीस." तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर काय म्हणशील ते मला ऐकायचं आहे. म्हणून पत्र तुझ्या उशाशी ठेवते आहे, आणि बाहेर जाऊन बसते आहे.

बाबा अंगणात तुझ्या बाळासाठी पाळणा करायला बसलेत. जहाजावर न्यायचा म्हणून खिळ्यांशिवाय, सगळा खाचेत टोक बसवून केलेल्या कुसवांचा, तिथे जाऊन पुन्हा जोडता येईल असा. लांब फळी एकट्याला धरवत नाही त्यांना आता, आणि माझ्या हातात तेवढा जोर नाही. वाचून झालं की ये. एक टोक धरायला माणूस हवा आहे.

ताई